वळवाचा पाऊस आणि रिस्क रजिस्टरची पहिली ओळ

"पाऊस. मजूर. माल उशिरा येणे. पैसे. अपघात."

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटसाठी अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी वर्कबुकातल्या रिस्क रजिस्टरच्या तक्त्यात लिहिलेल्या या पाच ओळी. ताई चाळिशीच्या पुढच्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात हिशेब, मजुरांचं मस्टर आणि मालाची आवक-जावक अशी सगळी कामं त्या अनेक वर्षं सांभाळतात. आता त्यांना सीएपीएम ही परीक्षा द्यायची आहे. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची ही सुरुवातीच्या पायरीवरची परीक्षा आहे. तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात, आणि अर्ज करण्याआधी २३ तासांचं शिक्षण पूर्ण झालेलं असावं लागतं. वेळापत्रक, खर्च, कामाची व्याप्ती ही प्रकरणं ताईंनी सहज पार केली होती. रिस्क रजिस्टरपाशी मात्र त्या थांबल्या. तक्ता भरून झाला होता, शक्यता आणि परिणाम यांचा गुणाकार करून झाला होता, तरी आपण नेमकं काय केलं हे त्यांना सांगता येत नव्हतं. "सर, हे सगळं मला आधीपासून माहीत आहे. मग या वहीने मला नवीन काय दिलं?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता. मोठ्या वयात शिकणाऱ्याकडे अनुभवाची कमतरता नसते. पाऊस येतो, मजूर जातात, गाडी अडकते हे ताईंना वर्कबुक लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांची अडचण तक्त्याच्या पहिल्याच रकान्यात होती, आणि बहुतेक वर्कबुकं हा रकाना दोन ओळींत उरकून पुढच्या गुणाकाराकडे पळतात. त्यामुळे आम्ही पुस्तकातलं सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण बाजूला ठेवलं आणि ताईंच्याच हातातलं काम घेतलं. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या इमारतीची गच्ची गळत होती. ३,००० चौरस फुटांची गच्ची. जुना कोबा फोडायचा, स्लॅबच्या भेगा भरायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं आणि विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा योग्य उतारात घालायचा. काम १५ एप्रिलला सुरू करून ३१ मेला संपवायचं आणि खर्च ५ लाखांत बसवायचा. खाली वाचनालयाचा ग्रंथसंग्रह, आणि पुस्तकांची कपाटं जागच्या जागी.

आता "पाऊस" ही पहिली ओळ पाहा. तिच्यात वाईट काही नाही, पण ती जोखीम नाही, जोखमींच्या एका गटाचं नाव आहे. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. मे महिन्यात दुपारनंतर अचानक कोसळणारा वळीव ही एक. जूनमध्ये येणारा मोसमी पाऊस ही दुसरी. आणि तो पाऊस नेहमीपेक्षा लवकर येणं ही तिसरी. या तिघांवरचे उपाय वेगळे, त्यांची वेळ वेगळी, आणि एकीला तर जोखीम म्हणताच येत नाही. जूनमध्ये कोकणात पाऊस येणार यात अनिश्चित काय आहे? ती तर वेळापत्रकाची हद्द आहे. ३१ मे ही तारीख तिच्यामुळेच ठरली. जोखीम म्हणजे जी गोष्ट होईल किंवा होणार नाही, आणि झाली तर कामाच्या एखाद्या उद्दिष्टाला धक्का देईल, अशी गोष्ट. उद्दिष्ट म्हणजे तारीख, पैसा, कामाचा दर्जा किंवा माणसांची सुरक्षितता.

म्हणून प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. आज काय खरं आहे? त्यामुळे काय घडू शकतं? आणि घडलं तर कशावर, किती परिणाम होईल? कारण, घटना, परिणाम अशी तीन भागांची ही रचना ब्रिटनमधल्या प्रिन्स-टू पद्धतीत नेमाने शिकवतात, आणि पीएमआयच्या अभ्यासातही तिचा उपयोग होतो. ताईंनी ती वापरून पहिली ओळ पुन्हा लिहिली: "मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत जुना कोबा फोडलेला असेल आणि स्लॅब उघडा असेल. त्या काळात वळवाचा जोरदार पाऊस पडू शकतो. पडला तर भेगांमधून पाणी खाली पुस्तकांवर गळेल, आणि स्लॅब वाळेपर्यंत चार-पाच दिवस काम थांबेल."

एका शब्दाच्या जागी तीन वाक्यं आली, आणि त्यांतून लगेच काही दिसू लागलं. वळवाची भीती स्लॅब उघडा असेपर्यंतच आहे. म्हणजे स्लॅब किती दिवस आणि किती भागात उघडा ठेवायचा हे आपल्या हातात आहे. पाऊस आपल्या हातात नाही, पण पुस्तकं कुठे असावीत हेही आपल्या हातात आहे. उपायांचा रकाना अजून लांब होता, तरी उपाय या वाक्यातूनच डोकावू लागले. ओळ नीट लिहिली गेली आहे की नाही हे ओळखायची माझी खूण हीच: ती वाचून कुठे हात घालायचा हे कळलं पाहिजे. "काम लांबेल" अशी ओळ पुष्कळ जण लिहितात. तिच्यावर "लवकर करा" याखेरीज काय सुचणार? कारण ती जोखीम नाही, दहा वेगवेगळ्या जोखमींचा शेवटचा परिणाम आहे.

"मजूर" या ओळीचंही तसंच झालं. कोब्याचं काम करणारी टोळी उत्तर कर्नाटकातली. पेरणीची वेळ जवळ आली की त्यांना गावाकडची ओढ लागते. म्हणजे कारण खरं आहे, आजचं आहे. घटना अशी की ती टोळी मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरल्या दिवसाआधीच निघून जाऊ शकते. परिणाम असा की स्थानिक टोळी जास्त दराने आणावी लागेल आणि काम सहाएक दिवस पुढे जाईल. सहा दिवस ऐकायला फार वाटत नाहीत, पण ३१ मेच्या पुढचे सहा दिवस म्हणजे कोकणात पावसाचं तोंड.

सगळ्यात उपयोगी ठरली ती "पैसे" ही ओळ. ताईंनी तिथे शक्यता पाचपैकी पाच लिहिली होती. मी विचारलं, पाच का? त्या म्हणाल्या, "कारण वाचनालयाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता महिनाभर रखडलाय." म्हणजे घटना घडून गेली आहे. जी घडून गेली ती जोखीम राहत नाही, ती चालू अडचण होते. अशा अडचणींची नोंद वेगळी असते. तिला पुस्तकात इश्यू लॉग म्हणतात. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. घडलेल्या गोष्टीची शक्यता मोजत बसण्यात अर्थ नाही, तिथे आज कोणाला फोन करायचा हे ठरवायचं असतं. हा एक भेद पक्का झाला की परीक्षेतले या प्रकरणावरचे बरेच प्रश्न सोपे होतात. प्रश्नात "पुरवठादाराने माल पाठवता येणार नाही असं कळवलं आहे" असं वाक्य आलं, तर गोष्ट घडलेली आहे. ती रजिस्टरमध्ये आधी नोंदलेली असेल, तर ठरलेला उपाय अमलात आणायचा. नोंदलेली नसेल, तर इश्यू म्हणून नोंदवून तात्पुरता मार्ग काढायचा. शक्यता आणि परिणाम पुन्हा मोजायला सांगणारा पर्याय अशा ठिकाणी बहुधा चुकीचा असतो.

आता गुणाकार. शक्यतेला एक ते पाच गुण, परिणामाला एक ते पाच गुण, दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखमीचा अंक. एक ते पंचवीसच्या दरम्यान येणारा हा अंक रंगीत चौकटींच्या तक्त्यात बसवायचा. हिरवा, पिवळा, लाल. वर्कबुकात हा भाग सर्वांत आकर्षक दिसतो, आणि शिकणारा इथेच फसतो, कारण तीन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय हे तो आधी ठरवत नाही. ताईंनी जवळजवळ सगळ्या ओळींना चार गुण दिले होते. विचारल्यावर म्हणाल्या, "सगळंच महत्त्वाचं आहे ना."

म्हणून मोजपट्टी आधी, गुण नंतर. या कामासाठी आम्ही परिणामाची पट्टी दिवसांत ठरवली. एक दिवसापेक्षा कमी उशीर म्हणजे एक, एक ते तीन दिवस म्हणजे दोन, चार ते सात म्हणजे तीन, आठ ते चौदा म्हणजे चार, त्यापुढे पाच. पैशांची दुसरी पट्टी केली. तिच्यात ४० हजार ते एक लाखाचं नुकसान म्हणजे चार, १५ ते ४० हजारांचं तीन, ५ ते १५ हजारांचं दोन. दोन्ही पट्ट्यांवर वेगळे गुण आले तर मोठा धरायचा. शक्यतेसाठी दहा टक्क्यांच्या आत एक, दहा ते तीस दोन, तीस ते पन्नास तीन, पन्नास ते सत्तर चार, आणि त्याच्या वर पाच.

टक्के आणायचे कुठून? हा प्रश्न प्रत्येक शिकणारा विचारतो, आणि "अंदाजाने" हे उत्तर पुरेसं नाही. अंदाज कशाच्या आधाराने केला ते सांगता आलं पाहिजे. वळवासाठी विचारायचं ते असं: गेल्या दहा वर्षांत मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत स्लॅबवर पाणी साचेल एवढा पाऊस किती वेळा झाला? ग्रंथपालांना आठवतं, जवळच्या शेतकऱ्याला आठवतं, हवामान खात्याच्या नोंदी असतात. समजा दहापैकी चार वर्षं निघाली. म्हणजे चाळीस टक्के, गुण तीन. नुकसानीचा हिशेब भिजलेली पुस्तकं, बसून राहिलेल्या मजुरांची हजेरी आणि पाणी उपसण्याचा खर्च मिळून ६० हजार. पैशांच्या पट्टीवर चार. तीन गुणिले चार, बारा. मजुरांच्या बाबतीत ताईंच्या मस्टरनेच उत्तर दिलं. टोळी वेळेआधी जाण्याची शक्यता साठ टक्के, म्हणजे चार. सहा दिवस आणि ३० हजार जादा, म्हणजे तीन. चार गुणिले तीन, पुन्हा बारा.

दोन्हींचा अंक बारा. मग दोन्ही जोखमी सारख्या का? इथे थोडं थांबायला हवं, कारण या अंकाकडून लोक त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मागतात. एक ते पाच हे गुण क्रम दाखवतात, माप दाखवत नाहीत. चार हे दोनच्या दुप्पट नाहीत. आमच्याच पट्टीवर पाहा. एका जोखमीची शक्यता दोन आणि परिणाम चार, दुसरीची शक्यता चार आणि परिणाम दोन. दोन्हींचा अंक आठ. पण पहिलीत साधारण वीस टक्के शक्यतेने अकरा दिवस जातात, म्हणजे सरासरीने २.२ दिवस. दुसरीत साठ टक्के शक्यतेने दोन दिवस जातात, म्हणजे १.२ दिवस. अंक सारखा, भार जवळजवळ दुप्पट. लुई अँथनी कॉक्स या अमेरिकन अभ्यासकाने २००८ साली 'रिस्क अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात याच दोषाची गणिती मांडणी केली. ज्या गोष्टी क्वचित घडतात पण घडल्या तर मोठा फटका देतात, त्यांच्या बाबतीत असा तक्ता चुकीचा क्रमही लावू शकतो हे त्यांनी दाखवलं.

ताईंच्या वहीतली पाचवी ओळ याच जातीची होती. गच्चीला कठडा कमी उंचीचा आणि मजूर काठाशी बसून कोबा फोडणार. माणूस पडण्याची शक्यता कमी, गुण एक. परिणाम पाच. गुणाकार पाच, रंग हिरवा. ताईंना हे पटत नव्हतं आणि त्यांचं न पटणंच बरोबर होतं. माणसाच्या जिवाला धोका असेल तिथे गुणाकाराची वाट पाहायची नाही. कठड्याला तात्पुरती अडसर-पट्टी आणि कडेला काम करणाऱ्याला सेफ्टी बेल्ट या गोष्टी कामाच्या अटींत येतात. त्या रजिस्टरच्या रंगावर अवलंबून ठेवायच्या नसतात. गुणाकाराचा उपयोग एवढाच की कोणत्या ओळींवर आधी बोलायचं हे ठरवता येतं. परीक्षेत अंक विचारला तर गुणाकार करून उत्तर द्यावं. साइटवर मात्र त्या अंकाने निर्णय घेऊ नये.

यानंतर वर्कबुक पैशांतला हिशेब शिकवतं. टक्के गुणिले रुपये. वळवासाठी ४० टक्के गुणिले ६० हजार म्हणजे २४ हजार. मजुरांसाठी ६० टक्के गुणिले ३० हजार म्हणजे १८ हजार. जोखीम चांगलीही असते हे पीएमआयच्या पुस्तकात आग्रहाने सांगितलेलं असतं, म्हणून एक संधीही घेतली. शेजारच्या शाळेच्या कामाला त्याच सुमाराला सिमेंटची गाडी येणार होती. दोघांनी मिळून मागवलं तर भाड्याचे ६ हजार वाचतील, आणि ते जुळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे ३ हजार वजा. बेरीज ३९ हजार. एवढी रक्कम राखीव ठेवावी असं गणित सांगतं, आणि परीक्षेत हेच उत्तर बरोबर.

ताईंनी इथे जो आक्षेप घेतला तो मला फार आवडला. "सर, २४ हजारांचं नुकसान तर कधीच होणार नाही. पाऊस पडला तर ६०, नाही पडला तर शून्य." अगदी खरं. हा आकडा एका जोखमीबद्दल काहीच भाकीत करत नाही. पंचवीस-तीस स्वतंत्र जोखमी असलेल्या मोठ्या कामात काही घडतात, काही घडत नाहीत, आणि एकूण खर्च या बेरजेच्या आसपास येण्याची शक्यता बरी असते. तीन ओळींच्या कामात तसं होत नाही. वळीव आला तर ३९ हजारांची राखीव रक्कम पहिल्याच फटक्यात संपते आणि वर २१ हजार कमी पडतात. म्हणून छोट्या कामात बेरजेबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: सर्वांत मोठी एक गोष्ट घडलीच, तर ती सोसायला पैसे आहेत का? नसतील, तर राखीव रक्कम वाढवण्याआधी ती गोष्टच लहान करण्याचा उपाय शोधायचा.

उपायांचे प्रकार वर्कबुकात पाठ करायला दिलेले असतात. जोखीम टाळा, दुसऱ्याकडे सोपवा, कमी करा, स्वीकारा. पीएमबॉक मार्गदर्शिकेच्या २०१७ सालच्या सहाव्या आवृत्तीने त्यांत पाचवा घातला: आपल्या अधिकाराबाहेरची जोखीम वरच्या पातळीवर कळवा. ही नावं पाठ होतात, पण त्यांनी तक्ता भरत नाही. तक्त्यात ताईंनी पाचही ओळींसमोर "लक्ष ठेवणे" असं लिहिलं होतं. लक्ष ठेवणं हा उपाय नाही. त्याने पुस्तकं कोरडी राहत नाहीत. उपायाची ओळ अशी हवी की ती वाचून एखाद्या माणसाला उद्या सकाळी उठून काहीतरी करता येईल.

वळवासाठी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जुना कोबा एकदम न फोडता हजार हजार चौरस फुटांच्या तीन भागांत फोडायचा, आणि उघड्या भागावर अंथरण्यापुरती ताडपत्री गच्चीवरच ठेवायची. आणि ज्या भागाखाली कपाटं आहेत ती काम सुरू होण्याआधीच बाजूच्या खोलीत हलवायची, उरलेल्यांवर प्लास्टिक घालायचं. खर्च सगळा मिळून १० हजार. आता ताईंनी उपायानंतरचे गुण पुन्हा लिहिले: शक्यता एक, परिणाम चार. या प्रकरणातली ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि मला वाटतं ती दुरुस्त झाली की प्रकरण समजलं म्हणायला हरकत नाही. ताडपत्रीने पाऊस थांबतो का? शक्यता होती तिथेच, चाळीस टक्क्यांवर, राहणार. बदलला तो परिणाम. पुस्तकं सुरक्षित, थोडी हजेरी वाया, दोन-तीन दिवसांचा उशीर, नुकसान १२ हजारांच्या आसपास. म्हणजे परिणाम चारवरून दोनवर, अंक बारावरून सहावर. प्रत्येक उपायासमोर हाच प्रश्न विचारायचा की तो दोनपैकी कोणता आकडा हलवतो. मजुरांच्या बाबतीत काम पुरं झाल्यावर बक्षिसी देण्याचं कबूल केलं तर जाण्याची शक्यता कमी होते. स्थानिक टोळीशी आधीच दर ठरवून ठेवला तर परिणाम कमी होतो. दोन्ही केलं तर दोन्ही आकडे हलतात.

उपाय परवडतो का तेही इथेच दिसतं. आधीचे २४ हजार, उपायानंतर ४० टक्के गुणिले १२ हजार म्हणजे ४,८००. फरक १९,२०० रुपयांचा, आणि खर्च १० हजार. करण्यासारखा आहे. उपायाचा खर्च हा फरक ओलांडू लागला तर जोखीम स्वीकारणं शहाणपणाचं ठरतं.

पण तीन भागांत काम करण्याने एक नवीन गोष्ट जन्माला येते, आणि ती ताईंनी स्वतः ओळखली. कोबा तीन वेळा घातला की मध्ये दोन सांधे येतात, आणि गच्ची पुन्हा गळायची असेल तर ती बहुधा सांध्यातूनच गळते. उपायामुळे तयार होणाऱ्या अशा जोखमीला पुस्तकात दुय्यम जोखीम म्हणतात. तिला रजिस्टरमध्ये स्वतःची ओळ मिळाली पाहिजे. तिच्यावरचा उपाय गवंड्यांना माहीत असतोच. वॉटरप्रूफिंगचा थर एका भागातून पुढच्या भागात पुरेसा चढवायचा, आणि शेवटी सांध्यांसह सगळ्या गच्चीवर पाणी साठवून अठ्ठेचाळीस तास खालून तपासायचं. या चाचणीचे दिवस मूळ वेळापत्रकात नव्हते. रजिस्टर लिहिता लिहिता वेळापत्रकातली ही उणीव सापडली, आणि ताईंच्या मूळ प्रश्नाला, या वहीने नवीन काय दिलं याला, हे एक उत्तर होतं.

उरले दोन रकाने. पुस्तकात ते छोटे असतात, साइटवर सगळं काम तेच करतात. एक, जोखमीचा धनी कोण. "साइट", "ऑफिस", "ठेकेदार आणि टीम" ही उत्तरं चालत नाहीत. एकाच माणसाचं नाव हवं, आणि त्याला ते माहीत असलं पाहिजे. वळवाच्या ओळीसमोर सुपरवायझरचं नाव आलं, कारण संध्याकाळी गच्चीवर शेवटी तोच असतो. दोन, खूण. घटना घडण्याआधी दिसणारी खूण, जी दिसली की चर्चा न करता उपाय सुरू करायचा. हवामान खातं जिल्हावार इशारे देतं, हिरव्यापासून लालपर्यंत चार रंगांत. रत्नागिरीसाठी वादळी पावसाचा पिवळा इशारा आला, की त्या दिवशी दुपारी तीनला फोडकाम बंद आणि ताडपत्री अंथरून बांधायची. "पावसाची लक्षणं दिसली तर" असं लिहून भागत नाही. दोन माणसांना ती लक्षणं एकाच वेळी दिसत नाहीत. मजुरांच्या ओळीसाठी ताईंनी दिलेली खूण कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. मुकादम वीस तारखेच्या आधी "आमचा हिशेब करून ठेवा" असं म्हणू लागला, की टोळी जाणार. त्याच दिवशी स्थानिक टोळीला फोन. इतक्या वर्षांच्या नोकरीत मिळालेलं हे ज्ञान त्यांनी कधी कुठे लिहिलं नव्हतं. त्याला बसायला योग्य रकाना त्यांना इथे मिळाला.

रजिस्टर एकदा भरून फायलीत गेलं की त्याचा उपयोग संपतो. तसं झालं आहे का हे कोणतंही रजिस्टर हातात घेऊन ओळखता येतं. सगळ्या ओळींवर तपासणीची तारीख एकच आहे, सगळ्यांचा धनी एकच माणूस आहे, सगळे अंक नऊ ते बाराच्या दरम्यान आहेत, एकही ओळ बंद झालेली नाही आणि पहिल्या आठवड्यानंतर एकही नवी ओळ आलेली नाही, तर ते तपासणीसाठी भरलेलं रजिस्टर आहे. गच्चीच्या कामात दर सोमवारी दहा मिनिटं पुरेशी होती. तिसऱ्या भागावर कोबा बसला की वळवाची ओळ बंद करायची, कारण आता उघडा स्लॅबच उरलेला नाही. ओळ बंद करणं हेही काम आहे. राखीव रकमेतले तिच्या नावाचे पैसे तेव्हा मोकळे होतात.

जे कोणी हे प्रकरण शिकत असतील त्यांना माझं सांगणं एवढंच. वर्कबुकातला सराव सोडवण्याआधी तुमच्या हातात आत्ता असलेल्या कामाची एकच ओळ लिहा. तीन भागांचं वाक्य, ठरवलेल्या पट्टीवरचे गुण, उपाय, धनी, खूण. मग ती ज्याच्या नावावर लिहिली आहे त्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा की काय दिसल्यावर, कोणत्या दिवशी, तो काय करणार. त्याला सांगता आलं नाही, तर ओळ पुन्हा लिहा.